मेजर, मायनर आणि एक्झॉटिक चलन जोड्या: स्प्रेड का रुंदावतो, तरलता का आटते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेजर, मायनर आणि एक्झॉटिक हे गट कोणी ठरवले? त्यांत कोणत्या जोड्या येतात?

हे गट जगभरासाठी कुठल्याही एका संस्थेने ठरवलेले नाहीत. बाजारातल्या वापरातून ते रूढ झाले आहेत, म्हणून दोन ब्रोकरांच्या यादीत थोडा फरक दिसू शकतो. मेजर म्हणजे एका बाजूला अमेरिकी डॉलर आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या विकसित अर्थव्यवस्थेचं चलन असलेल्या जोड्या. सामान्यतः EUR/USD, USD/JPY, GBP/USD, USD/CHF, AUD/USD, USD/CAD आणि NZD/USD या सात जोड्यांना मेजर म्हणतात.

याच चलनांच्या डॉलर नसलेल्या जोड्या म्हणजे मायनर किंवा क्रॉस: युरो-पाउंड, युरो-येन, पाउंड-येन, ऑस्ट्रेलियन डॉलर-न्यूझीलंड डॉलर वगैरे. एक्झॉटिकमध्ये एक बाजू मोठ्या चलनाची असते आणि दुसरी तुर्की लिरा, दक्षिण आफ्रिकी रँड, मेक्सिकन पेसो, हंगेरियन फोरिंट, थाई बाट यांसारख्या चलनाची. नॉर्वे आणि स्वीडनचे क्रोन कुठे बसवायचे यावर एकमत नाही. काही जण त्यांना एक्झॉटिकमध्ये धरतात, काही धरत नाहीत.

ज्या जोडीत उलाढाल जास्त ती मेजर, असं म्हणता येईल का?

बहुतेक वेळा म्हणता येईल, पण नेहमी नाही. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स दर तीन वर्षांनी जगभरच्या चलन उलाढालीची पाहणी करते. 2022 च्या पाहणीत रोजची उलाढाल सुमारे 7.5 ट्रिलियन डॉलर निघाली आणि 88 टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. एकट्या युरो-डॉलरचा वाटा जवळपास 23 टक्के होता.

त्याच पाहणीत डॉलर-युआन जोडीचा वाटा 6.6 टक्के होता, तर मेजर म्हणवल्या जाणाऱ्या डॉलर-फ्रँकचा 3.9 टक्के. उलाढालीत युआन फ्रँकच्या कितीतरी पुढे आहे, तरीही मेजरच्या यादीत त्याचं नाव येत नाही, कारण त्याच्या भावावर आणि देशाबाहेर जाणाऱ्या भांडवलावर सरकारी नियंत्रण आहे. म्हणून ‘एक्झॉटिक’ या नावावरून मी स्प्रेडचा, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांतल्या फरकाचा, अंदाज बांधत नाही. त्या चलनात खरेदी-विक्री करणारे कोण आहेत आणि ते कोणत्या अडचणींखाली काम करतात, हे पाहिलं की बरंच काही उलगडतं.

स्प्रेडची तुलना पिपमध्ये करावी का?

करू नये. पिप म्हणजे भाव मोजण्याचं छोटं एकक, बहुतेक जोड्यांत दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानावरचा एक. भाव 1.10 असलेल्या जोडीतला एक पिप आणि भाव 32 असलेल्या जोडीतला एक पिप यांची किंमत एकसारखी नसते. स्प्रेडला भावाने भागून टक्केवारी काढली तर खरी तुलना होते.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. युरो-डॉलर 1.1000/1.1001 असेल तर स्प्रेड एक पिप, म्हणजे भावाच्या सुमारे 0.009 टक्के. डॉलर-लिरा 32.0000/32.0320 असेल तर स्क्रीनवर 320 पिप दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की खर्च 320 पट आहे. टक्केवारीत तो 0.1 टक्के, म्हणजे साधारण 11 पट निघतो. एक लाख युरोच्या एका लॉटवर युरो-डॉलरचा स्प्रेड 10 डॉलरला पडतो. एक लाख डॉलरच्या लॉटवर डॉलर-लिराचा स्प्रेड 3,200 लिरा, म्हणजे 100 डॉलरला पडतो. हा खर्च 320 पट नाही हे खरं, पण 10 डॉलरच्या जागी 100 डॉलर हा फरकही लहान नाही. थोड्या थोड्या वेळाने व्यवहार करणाऱ्याचा सगळा नफा त्यात जाऊ शकतो.

एक्झॉटिक जोडीत स्प्रेड इतका रुंद का असतो?

भाव देणाऱ्या बँकेच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एखादा ग्राहक बँकेच्या डेस्कवर 50 लाख युरो विकायला येतो. डीलर ते विकत घेतो आणि बहुधा काही सेकंदांतच दुसऱ्याला विकून मोकळा होतो, कारण युरो-डॉलरमध्ये कुणी ना कुणी घेणारा सतत हजर असतो. माल हातात राहण्याचा वेळ इतका थोडा असतो की भाव विरुद्ध जाण्याची भीती जवळजवळ उरत नाही. शिवाय शेजारी तेवढ्याच तत्परतेने भाव देणाऱ्या डझनावारी बँका असतात. कुणी स्प्रेड वाढवला की ग्राहक पुढच्याकडे जातो.

आता तोच ग्राहक तेवढ्याच किमतीचे फोरिंट किंवा लिरा विकायला आला असं समजा. समोरचा खरेदीदार मिळायला काही मिनिटं लागू शकतात. ते चलन बुडापेस्ट किंवा इस्तंबूलची वेळ संपल्यावर आलं, तर काही तासही लागतात. तोवर ते चलन डीलरच्या खात्यात पडून राहतं आणि त्याच्या भावातली रोजची हालचाल युरोपेक्षा मोठी असते. स्प्रेडचा एक मोठा भाग म्हणजे या वाट पाहण्याच्या जोखमीची किंमत. वाट जितकी लांब आणि हालचाल जितकी मोठी, तितकी किंमत जास्त.

दुसरं कारण माहितीचं आहे. युरोबद्दल एखाद्या ग्राहकाला बाजारापेक्षा जास्त ठाऊक असण्याची शक्यता फार कमी. छोट्या चलनात मात्र मोठी ऑर्डर घेऊन येणारा बहुधा तिथलीच एखादी बँक, मोठा आयातदार किंवा सरकारी कंपनी असते आणि पुढे काय होणार याचा अंदाज डीलरपेक्षा तिला आधी असू शकतो. अशा ग्राहकाकडून माल घेतला की लगेच भाव पडतो, हे डीलरने अनुभवलेलं असतं. कोणता ग्राहक माहीतगार आहे हे आधी ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांसाठीच स्प्रेड वाढवून ठेवतो. तुमच्याकडे कसलीही आतली माहिती नसली तरी ही किंमत तुमच्याकडूनही वसूल होते.

तिसरं कारण पैशांच्या देवाणघेवाणीचं. 26 जून 1974 रोजी जर्मनीतली हेरस्टाट बँक बंद करण्यात आली. तेव्हा समोरच्या बँकांनी तिला जर्मन मार्क देऊन टाकले होते, पण न्यूयॉर्कमध्ये मिळायचे डॉलर अडकले. ही जोखीम टाळण्यासाठी 2002 पासून सीएलएस नावाची व्यवस्था चालते. तिच्यात दोन्ही बाजूंचे पैसे एकाच वेळी चुकते होतात. त्यात डॉलर, युरो, येनबरोबर रँड, पेसो, फोरिंट ही चलनंही आहेत, पण तुर्की लिरा नाही. त्यामुळे लिराच्या व्यवहारात समोरच्या बँकेवर किती विश्वास टाकायचा याची मर्यादा डीलरला स्वतः सांभाळावी लागते. ती मर्यादा भरली की तो त्या बँकेला भाव देणं थांबवतो, आणि आधीच थोडे असलेले भाव देणारे आणखी कमी होतात.

मायनर जोडीतही डॉलर लपलेला असतो असं म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

दोन चलनांत थेट व्यवहार करणारे पुरेसे नसले की डीलर मधे डॉलर घालून भाव तयार करतो. युरो-येनसारख्या क्रॉसमध्ये थेट बाजार चांगला आहे, त्यामुळे तिथे हे फारसं जाणवत नाही. रँड-येन घेतला की हिशेब स्पष्ट दिसतो.

डॉलर-रँड 18.0000/18.0100 आहे आणि डॉलर-येन 150.00/150.01 आहे असं समजा. तुम्हाला रँड विकून येन हवे आहेत. आधी रँड देऊन डॉलर घ्यावे लागतील, आणि तुम्ही खरेदीदार असल्यामुळे भाव 18.01 लागेल. मग ते डॉलर 150.00 ला विकून येन घ्याल. 150.00 ला 18.01 ने भागलं की 8.3287 येतं. उलट व्यवहारात महागडा येन-भाव आणि स्वस्त रँड-भाव लागतो. 150.01 ला 18.00 ने भागलं की 8.3339 येतं. म्हणजे रँड-येनचा भाव 8.3287/8.3339 झाला आणि स्प्रेड साधारण 0.062 टक्के निघाला. डॉलर-रँडचा स्प्रेड 0.0556 टक्के होता आणि डॉलर-येनचा 0.0067 टक्के. या दोन्हींची बेरीज म्हणजेच तो 0.062. डीलरने त्यावर स्वतःचं काहीही घातलेलं नसतानाची ही स्थिती आहे. दोन एक्झॉटिक चलनांची आपसातली जोडी इतकी क्वचित का दिसते, ते या बेरजेवरून लक्षात येईल.

तरलता कमी आहे हे स्क्रीनवरून ओळखता येतं का?

तरलता म्हणजे भाव फारसा न हलवता हवी तेवढी रक्कम घेता-विकता येणं. स्प्रेडवरून ती अर्धीच कळते. स्क्रीनवरचा भाव ठराविक रकमेपुरताच असतो. युरो-डॉलरमध्ये मोठी ऑर्डर टाकली तरी भाव जेमतेम हलतो. एक्झॉटिकमध्ये दिसणाऱ्या भावाला थोडीच रक्कम उपलब्ध असते आणि उरलेली ऑर्डर पुढच्या, वाईट भावांना भरली जाते. म्हणून दिसलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक, म्हणजे स्लिपेज, लिहून ठेवावा. तो वरचेवर तुमच्या विरुद्ध जात असेल तर स्क्रीनवरच्या स्प्रेडपेक्षा तुमचा खरा खर्च जास्त आहे.

दुसरी खूण वेळेची. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी 5 वाजता चलनबाजाराचा दिवस बदलतो. त्याच्या आगेमागे बऱ्याच बँका भाव मागे घेतात आणि स्प्रेड सगळीकडेच रुंदावतो. मेजरमध्ये ही फट लवकर भरून येते. ज्या चलनाचं मूळ बाजारकेंद्र तेव्हा झोपलेलं असतं, तिथे ती सकाळ उजाडेपर्यंत राहू शकते.

विरळ तरलतेने प्रत्यक्षात काय होतं, याचं एखादं खरं उदाहरण आहे का?

मार्च 2021 चा तुर्की लिरा. त्या महिन्याच्या 18 तारखेला तुर्कस्तानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर 17 वरून 19 टक्के केला. लिरा सावरला आणि शुक्रवारी एक डॉलर 7.2 लिराच्या आसपास होता. शनिवारी, 20 तारखेला, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने गव्हर्नर नाजी आबाल यांना पदावरून काढण्यात आलं. बाजार बंद होता, त्यामुळे कुणालाही काही करता आलं नाही. सोमवारी आशियात व्यवहार सुरू झाले तेव्हा इस्तंबूलमध्ये रात्र होती. विकणारे सगळे आणि घेणारा कुणीच नाही, अशा अवस्थेत डॉलर 8.4 च्या आसपास पोहोचला. दिवस पुढे गेल्यावर तो 8 च्या खाली उतरला.

यात अडकलेल्या एखाद्याचा हिशेब मांडू. त्याने 7.20 ला एक लाख डॉलर विकून लिरा घेतले होते आणि 7.30 वर स्टॉप लॉस लावला होता. त्याच्या अंदाजाने जास्तीत जास्त तोटा 10,000 लिरा, म्हणजे 1,370 डॉलर. पण सोमवारी 7.30 ला भावच नव्हता. बाजार 7.2 वरून थेट वर उघडला. स्टॉप लॉस ही ‘या भावाला विका किंवा घ्या’ अशी हमी नसते. हा भाव ओलांडला की पुढे मिळेल त्या भावाला व्यवहार करा, एवढाच तिचा अर्थ असतो. समजा ऑर्डर 8.10 ला भरली गेली. तोटा 90,000 लिरा, म्हणजे सुमारे 11,100 डॉलर झाला, ठरवलेल्या तोट्याच्या आठ पट. वीसपट लिव्हरेजवर, म्हणजे अनामतीच्या वीसपट रकमेचा व्यवहार करताना, त्याने मार्जिन म्हणून खात्यात ठेवले होते 5,000 डॉलर. खातं शून्याखाली गेलं. काही देशांत ब्रोकरला किरकोळ ग्राहकाचं खातं शून्याखाली नेता येत नाही, पण सगळीकडे तसा नियम नाही.

भाव नंतर 8 च्या खाली आला हे त्याच्या काही कामाचं नव्हतं. सगळ्यात विरळ वेळेत भरलेल्या स्टॉप ऑर्डर सगळ्यात वाईट भावाला सुटतात, आणि त्याच ऑर्डर भावाला आणखी ढकलतात. एक्झॉटिकमध्ये ही साखळी मेजरपेक्षा फार लवकर सुरू होते.

तरलता आपोआप कमी होते की ती कुणी कमी करतं?

पुष्कळदा सरकारी निर्णयांनी कमी होते. माझ्या मते या विषयात सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब हीच आहे.

परदेशी बँकेला लिरामध्ये भाव द्यायचा असेल तर गरजेला लिरा उसने मिळाले पाहिजेत. ते चलन स्वॅपमधून, म्हणजे ठराविक मुदतीनंतर परत करण्याच्या बोलीवर चलनांची अदलाबदल करून, मुख्यतः तुर्की बँकांकडून मिळत. ऑगस्ट 2018 मध्ये लिरा कोसळला तेव्हा तुर्की बँकिंग नियामकाने परदेशी बँकांशी होणाऱ्या अशा स्वॅपवर मर्यादा घातली. आधी भांडवलाच्या 50 टक्के, दोनच दिवसांत 25 टक्के. एप्रिल 2020 पर्यंत ती 1 टक्क्यावर आली. लिराविरुद्ध सट्टा करणाऱ्यांना लिरा मिळू नयेत हा हेतू होता. मार्च 2019 मध्ये, स्थानिक निवडणुकांच्या तोंडावर, लंडनमध्ये एका रात्रीसाठी लिरा उसने घेण्याचा वार्षिक दर 1,000 टक्क्यांवर गेला.

सट्टेबाज अडकले, पण त्यांच्याबरोबर प्रामाणिकपणे हेजिंग करणारे, म्हणजे स्वतःची जोखीम झाकू पाहणारे, आणि दोन्ही बाजूंचे भाव देणारे डीलरही अडकले. हातातला माल रात्रभर सांभाळायला काय पडेल हे सांगता येत नसेल, तर डीलर भाव रुंद ठेवतो किंवा बाजारच सोडतो. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या पाहणीत जागतिक उलाढालीत लिराचा वाटा 2019 मध्ये 1.1 टक्के होता, 2022 मध्ये 0.4 टक्के. या घसरणीला इतरही कारणं आहेत, पण निर्बंधांचा हात त्यात नक्की आहे.

याच्या उलट मेक्सिकन पेसो. देशाबाहेर त्याच्या व्यवहारावर अशी बंधनं नाहीत, शिकागोत त्याचे फ्युचर्स चालतात, सीएलएसमध्ये तो आहे, आणि इतर उदयोन्मुख चलनांची जोखीम झाकायलाही गुंतवणूकदार त्याचाच आधार घेतात. म्हणून एक्झॉटिकच्या यादीत असूनही त्याचा स्प्रेड लिरापेक्षा बराच अरुंद राहतो.

स्प्रेडशिवाय आणखी कोणता खर्च असतो?

पोझिशन, म्हणजे घेतलेला पण न मिटवलेला व्यवहार, रात्रभर ठेवली की दोन्ही चलनांच्या व्याजदरांतला फरक खात्यात जमा किंवा वजा होतो. मेजरमध्ये तो सहसा किरकोळ असतो. 2024 मध्ये बराच काळ तुर्कस्तानचा व्याजदर 50 टक्के होता आणि डॉलरचा 5 च्या आसपास. तेव्हा ‘लिरा तर पडतच राहणार’ असं म्हणून कुणी एक लाख डॉलर घेऊन बसला असेल, तर ढोबळ हिशेबाने वर्षाला 45,000 डॉलर, म्हणजे रात्रीला सुमारे 123 डॉलर व्याज त्याच्याकडून गेलं. वर पाहिलेला 100 डॉलरचा स्प्रेड एकदाच द्यावा लागतो. हे मात्र रोज जातं, आणि ब्रोकर त्यावर स्वतःची टक्केवारीही चढवतो. लिरा पडला तरी व्याजाहून हळू पडला, तर अंदाज बरोबर येऊनही तोटाच होतो.

मग मेजर जोड्या सुरक्षित म्हणायच्या का?

तरलता जास्त आहे म्हणून त्या आपोआप सुरक्षित होत नाहीत. 15 जानेवारी 2015 रोजी स्विस नॅशनल बँकेने एका युरोला 1.20 फ्रँक ही किमान मर्यादा अचानक काढली आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्या खाली गेला. 7 ऑक्टोबर 2016 च्या पहाटे, आशियाई वेळेत, पाउंड डॉलरच्या तुलनेत थोड्या मिनिटांत सुमारे 9 टक्के पडला आणि त्यातला बराचसा भाग लगेच भरून आला. मोठ्या चलनांतही भाव देणारे एकाच वेळी मागे सरकू शकतात. फरक इतकाच की तिथे ते सहसा लवकर परततात.

एक्झॉटिक जोडीत व्यवहार करायचाच असेल तर आधी काय पाहावं?

ब्रोकरच्या जाहिरातीतला ‘किमान स्प्रेड’ बाजूला ठेवा. तो सर्वांत गजबजलेल्या क्षणाचा असतो. त्या चलनाचं मूळ बाजारकेंद्र आणि लंडन दोन्ही उघडी असतानाचा स्प्रेड पाहा, न्यूयॉर्क बंद होतानाचा पाहा आणि सोमवारी पहाटेचा पाहा. तिन्हींची टक्केवारी काढा. मग ब्रोकरच्या तक्त्यातून रात्रीच्या व्याजाचा दर घ्या आणि जितके दिवस पोझिशन ठेवणार त्याने गुणा.

रक्कम ठरवताना स्टॉप लॉसवर विसंबू नका. सोमवारी भाव 15 टक्के विरुद्ध उघडला तर खात्यात काय उरेल, हा हिशेब करून त्यावरून लॉट ठरवा. मध्यवर्ती बँकेची बैठक, निवडणूक किंवा मोठी सुट्टी शनिवार-रविवारला लागून येत असेल, तर शुक्रवारी पोझिशन कमी करण्याचा खर्च म्हणजे एक स्प्रेड. तो देणं मला बहुतेक वेळा स्वस्त वाटतं.